साडेपाच पीएचचा साबण का बनत नाही?

हळदीचा डाग पडलेला पांढरा शर्ट साबणाने घासला, की डाग जाण्याऐवजी लालसर होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शर्ट खळबळून साबण निघून गेला की तोच डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. हळदीतला रंगद्रव्याचा कण आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा राहतो, अल्कलीत लाल होतो. त्यामुळे तो लाल रंग आपल्याला एवढंच सांगत असतो, की साबणाचं पाणी अल्कधर्मी आहे. कपडे धुण्याची वडी असो की गुलाबाच्या वासाचा अंगाचा साबण, हळद दोन्हींना लालच होते.

अल्कली किती, हे मोजायची पट्टी म्हणजे पीएच. शेतकरी मातीचा सामू तपासून घेतात तो हाच. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये ही पट्टी मांडली. शुद्ध पाणी मध्यावर, म्हणजे 7 वर. त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहापटीची असते, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. निरोगी माणसाच्या त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच असतो. अंगाच्या साबणाच्या पाण्याचा साडेनऊच्या आसपास, कधी दहा. साडेपाच आणि साडेनऊ यांत फरक चारचा दिसतो, पण तो प्रत्यक्षात दहा हजार पटीचा आहे.

त्वचा आम्लधर्मी असते हे 1928 मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी नीट मोजून दाखवलं आणि त्या आम्लाच्या आवरणाला नावही दिलं. ते आवरण जंतूंना रोखतं, असं तेव्हापासून सांगितलं जातं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्याहून महत्त्वाचं काम नंतरच्या काळात उलगडलं. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांच्या मिश्रणाने भरलेल्या असतात. अंगातलं पाणी बाहेर उडून जाऊ न देणं आणि बाहेरचं त्रासदायक काही आत न येऊ देणं, हे काम या मिश्रणाचं. त्यातलं सेरामाइड तयार करणारी विकरं आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. उलट, मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे तोडणारी दुसरी काही विकरं पीएच वर गेला की जास्त चेवाने काम करू लागतात. म्हणजे त्वचा दीर्घकाळ अल्कधर्मी राहिली, तर बांधणारे हात मंदावतात आणि तोडणारे जोरात येतात. त्वचा कोरडी पडणं, कोंडा सुटल्यासारखी पापुद्रे निघणं, साधं काही लावलं तरी चुरचुरणं, या सगळ्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

निरोगी त्वचा हे सहन करते, हेही तितकंच खरं. एकदा साबण लावून धुतलं की पीएच वर जातो आणि पुढच्या काही तासांत त्वचा आपणहून तो खाली आणते. घामातली आम्लं, तेलकटपणातली मेदाम्लं आणि त्वचेतच तयार होणारे काही पदार्थ ते काम करतात. सकाळी एकदा अंगाला साबण लावणाऱ्या धडधाकट माणसाचं यात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्वचेला सावरायला वेळ मिळत नाही तेव्हा. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणारी मुरुमवाली मुलगी, सतत हात धुणारी परिचारिका, धुणीभांडी करणारी बाई. किंवा सावरण्याची ताकदच कमी असते तेव्हा. एक्झिमा असणाऱ्यांच्या त्वचेचा पीएच मुळातच थोडा जास्त असतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाची त्वचा तटस्थाच्या जवळ असते आणि ती आम्लधर्मी व्हायला काही आठवडे जातात. वयस्कर माणसांच्या त्वचेत तेल कमी तयार होतं, म्हणून त्यांनाही वेळ लागतो.

मग कंपन्या साबणाचाच पीएच साडेपाचवर का आणत नाहीत, हा प्रश्न सहज मनात येतो. या प्रश्नाचं उत्तर कळलं की दुकानातल्या फळीवरचा निम्मा गोंधळ मिटतो.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून निघणारं मीठ. तेलातली मेदाम्लं सोडियमशी बांधली जातात. मेदाम्ल हे अगदी दुबळं आम्ल आणि कॉस्टिक सोडा हा जबरदस्त अल्कली. दोघांचं मीठ पाण्यात विरघळलं की पाणी अल्कधर्मीच होणार. कारखान्यात सोडा जास्त पडला म्हणून साबण अल्कधर्मी होतो, हा समज चुकीचा आहे. एकही कण सोडा शिल्लक न ठेवता बनवलेला साबणही नऊच्या पुढेच जातो. आता त्यात लिंबाचं आम्ल घालून पीएच खाली ओढायला जावं, तर सोडियम सुटून बाजूला होतं आणि मागे मेदाम्ल उरतं. ते पाण्यात विरघळत नाही, फेस देत नाही, मळ काढत नाही. पांढरा मेणासारखा साका होऊन ते तरंगत बसतं. साडेपाच पीएचला साबण हा साबण म्हणून शिल्लकच राहत नाही. म्हणून खरा साबण आणि साडेपाच पीएच या दोन गोष्टी एका वडीत नांदू शकत नाहीत. ज्या वडीचा पीएच खरोखर साडेपाच आहे, ती वडी दिसायला साबणासारखी असली तरी साबण नाही.

या एका गोष्टीतून पुढची बरीच उत्तरं मिळतात. ग्लिसरीनचा पारदर्शक साबण हा साबणच आहे. हाताने बनवलेला, खोबरेल तेलाचा, बकरीच्या दुधाचा, कडुनिंबाचा, आयुर्वेदिक म्हणून विकला जाणारा, हे सगळे कॉस्टिक सोड्यानेच बनतात आणि त्यांचा पीएच नऊ-दहाच्या घरातच असतो. थोडं तेल मुद्दाम जास्त ठेवलेला घरगुती साबण अंगाला मऊ लागतो, कारण त्यात न बदललेलं तेल असतं. पीएच त्याने फारसा हलत नाही. भारतातल्या बाजारातले अंगाचे साबण मोजून 2014 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त एक अभ्यास छापून आला. त्यातही बहुतेक साबण नऊ ते दहाच्या मध्ये सापडले होते. रसायनशास्त्र पाहता यात नवल काही नाही.

आपल्याकडे साबण निवडताना टीएफएम पाहण्याची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या साबणात एकूण मेदद्रव्य किमान 76 टक्के हवं. हा आकडा उपयोगाचा आहे, कारण त्यावरून वडीत भराव किती आणि माल किती हे कळतं. भरड भराव कमी असलेला साबण अंगाला नक्कीच बरा लागतो. पण मेदद्रव्य जास्त म्हणजे साबणाचा अंश जास्त, एवढाच त्याचा अर्थ. तो साबण त्वचेच्या पीएचच्या जवळ आहे, असं त्यातून कळत नाही. चांगल्या सिंडेट वडीचा टीएफएम कमी असू शकतो, कारण तिच्यात साबण जवळजवळ नसतोच. त्यामुळे साबण आणि सिंडेट यांची टीएफएमवरून तुलना करणं चूक आहे.

सिंडेट म्हणजे तेलापासून साबण न बनवता वेगळ्या रासायनिक वाटेने तयार केलेले मळ काढणारे पदार्थ. पहिल्या महायुद्धात जर्मनीला चरबीची टंचाई भासली, तेव्हा या वाटेवरची पहिली पावलं पडली. अंगाला लावण्याजोगी सौम्य वडी मात्र 1950 च्या दशकात आली. अमेरिकेत त्याच दशकात डव्ह बाजारात आली आणि तिच्यातला मुख्य घटक होता सोडियम कोकोइल आयसेथिओनेट. खोबऱ्याच्या तेलातल्या मेदाम्लापासूनच तो बनतो, पण त्याचं पाण्याकडे ओढलं जाणारं टोक वेगळ्या, जोरकस आम्लाचं असतं. म्हणून आम्लधर्मी पाण्यात तो तुटत नाही, साका होत नाही, फेस देत राहतो. त्याचा पीएच साडेपाचवर, सहावर, सातवर, हवा तिथे ठेवता येतो. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियमही त्याला फारसा अडवत नाही.

जड पाण्याचा मुद्दा मराठवाड्यातल्या किंवा पुण्याच्या भोवतालच्या बोअरवर राहणाऱ्या घरांसाठी लहान नाही. साबण कॅल्शियमला भेटला की न विरघळणारी पांढरी घाण तयार होते. बादलीच्या कडेला आणि मोरीच्या फरशीवर जी चिकट कड बसते, ती हीच. ती थोडी अंगावरही बसते. अंग धुतल्यावर कातडी करकर वाजते आणि बोट घसरत नाही, त्याला आपण स्वच्छता समजतो. बऱ्याच अंशी तो अल्कलीने तेल निघून गेल्याचा आणि कॅल्शियमचा पापुद्रा बसल्याचा स्पर्श असतो. सिंडेट पहिल्यांदा वापरणारे लोक हमखास तक्रार करतात, की धुतलं तरी बुळबुळीत राहतं, साबण गेल्यासारखं वाटत नाही. साबण गेलेला असतो. करकर न येणं ही इथे चांगली खूण आहे.

आता पीएचच्या जाहिरातींबद्दल. जानेवारी 2021 मध्ये एका सिंडेट कंपनीने लक्स, पिअर्स, डव्ह यांची नावं घेऊन पीएचचे आकडे जाहिरातीत छापले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. त्या भांडणाने एक चांगलं झालं, पीएच हा शब्द घराघरात पोचला. वाईट असं झालं, की पीएच म्हणजेच सगळं, अशी समजूत पसरली. ती खरी नाही. 1979 मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वड्यांचं पाणी लोकांच्या हातावर सलग पाच दिवस बांधून ठेवून कोणत्या वडीने किती लाली आणि खपल्या येतात ते पाहिलं. सर्वांत सौम्य ठरली डव्ह. तिचा पीएच साडेपाच नव्हे, सातच्या आसपास असतो. दुसरीकडे, सोडियम लॉरिल सल्फेट नावाचा स्वस्त फेसाळ पदार्थ पाण्यात विरघळवून त्याचा पीएच साडेपाचवर आणून ठेवला, तरी तो त्वचेला चांगलाच झोंबतो. त्वचारोगतज्ज्ञ मुद्दाम त्वचा चिडवून अभ्यास करायचा असतो तेव्हा हाच पदार्थ वापरतात. त्याचे रेणू लहान आणि चपळ असतात. ते वरच्या थरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि आत शिरतात. कोकोइल आयसेथिओनेटचे रेणू पाण्यात मोठे पुंजके करून राहतात, त्यामुळे आत शिरत नाहीत. साबणाच्या बाबतीत दोन्ही दोष एकत्र येतात, कारण त्याचा पीएचही वर असतो आणि त्याचे रेणूही प्रथिनांना चिकटून त्यांना फुगवतात. म्हणून वेष्टनावर फक्त ‘पीएच संतुलित’ लिहिलेलं पाहून निर्णय करू नये. मागे घटकांची यादी असते, ती वाचावी.

यादी वाचणं वाटतं तितकं कठीण नाही, कारण घटक जास्तीपासून कमीच्या क्रमाने लिहिलेले असतात आणि पहिली तीन-चार नावंच महत्त्वाची. सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोएट अशी नावं आधी आली, की तो साबण. कोकोइल आयसेथिओनेट, लॉरिल सल्फोअ‍ॅसिटेट, सल्फोसक्सिनेट ही नावं आधी आली, की सिंडेट. दोन्ही प्रकारची नावं असतील, तर ती मिश्र वडी. ‘बेदिंग बार’ या शब्दावर मात्र भरवसा ठेवू नका. त्या नावाखाली सिंडेट वड्याही विकल्या जातात आणि कमी मेदद्रव्याचे स्वस्त साबणही.

फेस वॉशच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. नळीतून येतो, पातळ आहे, वर चेहऱ्यासाठी लिहिलंय, म्हणजे तो सौम्य असणार, असं गृहीत धरलं जातं. नळी पिळल्यावर मोत्यासारखी चमक असलेलं दाट पांढरं क्रीम येत असेल आणि थोड्याशा पाण्यात त्याचा भरगच्च फेस होत असेल, तर मागची यादी जरूर पाहा. मिरिस्टिक आम्ल, स्टिअरिक आम्ल, लॉरिक आम्ल आणि त्यांच्या सोबतीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अशी नावं सापडली तर तो पोटॅशियमचा साबणच आहे. नळीत भरल्याने त्याचा पीएच खाली येत नाही. सौम्य फेस वॉशमध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड, लॉरोइल सार्कोसिनेट, कोकोइल ग्लायसिनेट अशी नावं असतात आणि फेस बेताचा येतो. त्यातही ग्लायसिनेटचे काही फेस वॉश थोडे अल्कधर्मी ठेवतात, म्हणून मोजून पाहणं सर्वांत बरं.

मोजणं घरी जमतं. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएचच्या कागदी पट्ट्यांचं पुस्तक मिळतं, लाल-निळ्या लिटमसपेक्षा रंगांचा तक्ता असलेलं घ्यावं. वडीचा पाव चमचा किस अर्धी वाटी पाण्यात विरघळवावा. पाणी नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको, कारण त्यातले क्षार आकडा वर ढकलतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, ते चालतं. थोडं कोमट करून ढवळलं की विरघळतं. पट्टी बुडवून लगेच रंग तक्त्याशी ताडावा. पहिल्या दर्जाच्या नेहमीच्या साबणाने पट्टी नऊ-दहाचा निळा-हिरवा रंग दाखवील. सिंडेटने पाच-सहाचा पिवळट रंग येईल. सातच्या आसपास रंग थांबला तर त्या वडीची यादी वाचावी. पट्ट्या नसतील तर कागदाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि त्यावर थेंब टाका. लाल झाला तर पीएच आठच्या बराच वर आहे. पिवळा राहिला तर साडेपाच की सात हे हळद सांगू शकत नाही, पण तो निव्वळ साबण नाही एवढं नक्की.

दुसरी कसोटी व्हिनेगरची. तेच पाणी बरणीत घालून फेस येईपर्यंत हलवा, त्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला आणि पुन्हा हलवा. साबण असेल तर फेस बघता बघता बसतो आणि पांढरा साका वर तरंगतो. सिंडेट असेल तर फेस टिकतो. मिश्र वडीत थोडा साकाही येतो आणि थोडा फेसही राहतो. सिंडेटचं पाणी सुरुवातीलाच दुधासारखं गढूळ दिसू शकतं, कारण वडी घट्ट राहावी म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ घालतात. म्हणून पाण्याच्या रंगापेक्षा फेसाकडे लक्ष द्यावं.

हे सगळं कळल्यावर घरातला साबण फेकून द्यायची गरज नाही. हाताचे जंतू धुवायला साबण उत्तम आहे आणि तो सर्वांना परवडतो. स्वयंपाकाआधी आणि शौचानंतर साबणानेच हात धुवावेत. घाम आणि वास साठतो त्या काखा, जांघा आणि पावलं इथेही निरोगी माणसाला साबण चालतो. हातापायांची सालं निघत असतील, थंडीत पोटऱ्या खाजत असतील, तर तिथे रोज साबण न लावता नुसतं पाणी वापरून पंधरा दिवस पाहावं. सिंडेटचा खर्च चेहऱ्यापुरता, बाळापुरता आणि एक्झिमा असलेल्या माणसापुरता करावा. फक्त चेहऱ्याला वापरली तर एक वडी पुष्कळ दिवस पुरते, मात्र ती साचलेल्या पाण्यात ठेवू नये. सिंडेट वडी पाण्यात साबणापेक्षा लवकर लगदा होते, जाळीच्या साबणदाणीत उभी ठेवली तर टिकते.

मुरुमांवर अ‍ॅडापॅलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांनी तर चेहऱ्याला साबण लावूच नये. ही औषधं मुळातच त्वचा कोरडी करतात. वर साबण आला की चेहरा लाल होतो, सोलतो आणि माणूस औषधच सोडून देतो. बरेचदा औषधाला दोष दिला जातो, पण खरं कारण सकाळ-संध्याकाळच्या साबणाचं असतं. धुणारं द्रव्य बदलल्यावर चेहरा ओढल्यासारखा होणं आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. तेवढ्यात कमी झालं नाही, किंवा चट्टे ओले होऊ लागले, तर ते साबणापलीकडचं दुखणं आहे आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

वेष्टनावर टीएफएम छापला जातो आणि ग्राहक तो वाचायला शिकले. पीएच मोजायला कारखान्याला काही मिनिटं लागतात, तो मोजलाही जातोच, पण वेष्टनावर बहुधा येत नाही. बाळासाठी आणि चेहऱ्यासाठी म्हणून जे जे विकलं जातं, त्याच्यावर पीएचचा आकडा छापणं बंधनकारक करायला हवं. तोवर विकत घेण्याआधी वेष्टन उलटून पहिली चार नावं वाचा.